सोफा जिन्यात, दावा दारात

भाडं कमी करा अशी घरमालकाला विनंती करताना पत्राच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'सावधान' असं लिहू नये, हे कोणालाही कळतं. सूचनाकारांना कळलं नाही. त्यात त्यांचाही फारसा दोष नव्हता. गेली एकोणीस वर्षं ते मिक्सर, इस्त्री, पंखे आणि पाणी तापवायच्या यंत्रांबरोबर खोक्यात येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहीत होते, आणि त्यांच्या हातून निघालेला प्रत्येक मजकूर 'सावधान'नेच सुरू होत असे. इमारतीत त्यांना सगळे सूचनाकार म्हणत. काहीजण तोंडावर म्हणत, काहीजण पाठीमागे, आणि ते स्वतः मनातल्या मनात अभिमानाने म्हणत.

तर त्या सूचनाकारांची नोकरी मागच्या सोमवारी गेली. साहेबांनी बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "पुस्तिका बंद करतोय. आता खोक्यावर एक चौकोन छापायचा, लोक मोबाईलवर चित्रं बघतील. खरं सांगा, पुस्तिका वाचतं कोण?"

नोकरी गेल्याचं दुःख सूचनाकार पचवू शकले असते. 'वाचतं कोण' हे काही पचेना. ते घशातच अडकलं. त्या भरात मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी पुढे केलेल्या कागदावर त्यांनी सही करून टाकली. कागदावर लिहिलं होतं, 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.' "काढून टाकलं असं रेकॉर्डवर नको ना, तुमच्याच भल्यासाठी," असं बाई म्हणाल्या होत्या. बाईंच्या आवाजात इतका गोडवा होता की सूचनाकार त्यांना उलट 'आभारी आहे' म्हणून आले.

घरी बायकोने पहिल्या दिवशी चहा केला, दुसऱ्या दिवशी समजूत काढली आणि तिसऱ्या दिवशी वही उघडली. ती घरीच कपडे शिवायची आणि दुरुस्तीला घ्यायची. तिची सगळी गिऱ्हाइकं याच इमारतीतली आणि आजूबाजूच्या दोन गल्ल्यांतली. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं आणि शाळा चालत सात मिनिटांवर.

"भाडं वीस हजार," बायको म्हणाली. "माझी मिळकत, शिल्लक आणि कंपनी देईल ते धरून साडेतीन महिने निघतील. भाडं थोडं खाली आलं तर साडेपाच. नाही आलं तर गावाबाहेर कुठेतरी दोन खोल्या बघायच्या. माझी गिऱ्हाइकं काही ब्लाउज घेऊन बस बदलून येणार नाहीत."

"बघू, पुढच्या महिन्यात अडलं तर सांगू त्यांना."

"अडल्यावर सांगतात त्याला थकबाकी म्हणतात. अडायच्या आधी सांगायचं. पाच तारखेला भाडं द्यायचंय, आज वीस तारीख आहे. या महिन्याचं पूर्ण द्यायचं आणि आजच पत्र लिहायचं. काय झालं, किती कमी हवंय आणि किती महिने, एवढंच लिहा."

सूचनाकारांनी लिहिलं. पाच पानं झाली. 'सावधान: प्रस्तुत पत्र वाचण्यापूर्वी वाचकाने बसून घ्यावे' इथून सुरुवात. मग आकृती एक, आकृती दोन, आणि शेवटी 'नेहमी उद्भवणाऱ्या अडचणी व त्यांवरील उपाय' असा तक्ता. 'अडचण: भाडेकरूची नोकरी गेली आहे. उपाय: भाड्याचे बटण उजवीकडून डावीकडे फिरवावे.' मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसता हसता पलंगावरून खाली आली. बायकोने पाचही पानं बाजूला ठेवली आणि मोबाईलवर तीन ओळींचा निरोप धाडला: 'ह्यांची नोकरी गेली आहे. पुढचे चार महिने भाडं बारा हजार कराल का? भेटून बोलू.'

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'रविवारी सकाळी अकरा वाजता पाहणीस येतो. कागदपत्रे तयार ठेवावीत.'

'पाहणी' हा शब्द बायकोने दोनदा वाचला. घरमालक दोन गल्ल्या सोडून राहत. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. आग लागली, पूर आला, चोरी झाली की हे जाऊन बघायचे आणि खरं किती, खोटं किती ते लिहायचे. लोक त्यांना दावेसाहेब म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. मागे एकदा नळाची चकती बदलायची म्हटल्यावर त्यांनी जुनी चकती मागवून घेतली होती आणि ती उजेडात धरून 'हिला पिळलंय' असा निकाल दिला होता.

इथे प्रवेश झाला मेहुण्याचा. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो स्वतः मित्राच्या घरात फुकट राहायचा, त्यामुळे भाड्याच्या बाबतीत त्याच्याइतका अधिकारवाणीने बोलणारा दुसरा माणूस सापडला नसता.

"भाऊजी, पाहणी म्हणजे काय? तो घर बघणार. आणि बघणार काय? तर दोन दारांचा फ्रिज, भिंतीएवढा टीव्ही आणि तीन जणांचा सोफा. तो म्हणेल, ह्यांना कसली सवलत? सोफ्यावर बसून गरिबी सांगता येत नाही."

"सगळं हप्त्यावर घेतलेलं आहे रे," सूचनाकार म्हणाले.

"हप्ते काय फ्रिजवर चिकटवलेत का? ते दिसत नाहीत, फ्रिज दिसतो."

हा मुद्दा बिनतोड होता. निदान त्या वेळी तरी वाटला. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनीही मान डोलावली. त्यांच्याकडे जुना एकदारी फ्रिज होता आणि तो गेले दोन महिने आतून गरम होत होता. "माझ्याकडे ठेवा हो तुमचा," त्या म्हणाल्या. "शेजारधर्म असतो की नाही?" शेजारधर्म सांगताना त्यांची नजर बर्फाच्या कप्प्यावर होती.

बायको म्हणाली, "मला हे पटत नाही. जे आहे ते आहे. नोकरी गेलीय हे काय खोटं आहे? मग खोटेपणा कशाला?" पण मेहुण्याने 'ताई, तू फार साधी आहेस' हे तीन वेळा म्हटलं, सूचनाकारांनी 'फक्त एका दिवसाचा तर प्रश्न आहे' हे चार वेळा म्हटलं, आणि शेवटी तिने कात्री उचलून एका गिऱ्हाइकाच्या बाहीवर राग काढला.

शनिवारी फ्रिज काकूंकडे गेला. टीव्ही मेहुण्याने रिक्षात घालून नेला. सोफा राहिला. तो रविवारी सकाळी गच्चीवर न्यायचा असं ठरलं, कारण शनिवारची रात्र तरी पाठीला आधार हवा, असं सूचनाकारांचं म्हणणं पडलं.

रविवारी साडेनऊला सूचनाकार, मेहुणा आणि काकूंचे यजमान असे तिघे सोफ्याला भिडले. सोफा दारातून बाहेर आला, पहिल्या सहा पायऱ्या चढला आणि वळणावर अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मेहुणा वरच्या बाजूला, काका कठड्यावर पोट टेकून, आणि सूचनाकार सोफा आणि भिंत यांच्या मधल्या फटीत. 'वस्तू हलवताना पाठ सरळ ठेवावी' हे वाक्य त्यांनी आयुष्यात किमान चाळीस पुस्तिकांत लिहिलं होतं. पाठ सरळ ठेवायला जागा लागते, हे लिहायचं राहून गेलं होतं.

"थोडा तिरका करा," काका म्हणाले.

"कोणाला? मला की सोफ्याला?"

तेवढ्यात खालून बुटांचा आवाज आला. एक एक पायरी मोजून चढल्यासारखा. दहा वाजत होते. दावेसाहेब पाहणीला नेहमी सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी जात; एकतीस वर्षांचा शिरस्ता होता. ते दारापाशी थांबले. चष्मा पुसला. वर वळणावर अडकलेल्या सोफ्याकडे पाहिलं, मग सोफ्याच्या मागून आलेल्या सूचनाकारांच्या दोन पायांकडे.

"नमस्कार," पाय म्हणाले.

दावेसाहेबांनी पायांना नमस्कार केला आणि ते घरात शिरले. सूचनाकार फटीतून सुटून, एक बाही फाटलेली, धावत खाली येईपर्यंत त्यांची अर्धी पाहणी झालीसुद्धा होती. भिंतीवर टीव्हीमागे इतके दिवस झाकला गेलेला रंगाचा लख्ख चौकोन होता, त्याच्यापुढे ते उभे होते. मग स्वयंपाकघरात गेले. फरशीवर फ्रिजच्या चार पायांचे चार डाग आणि मधे धुळीचा एक सुबक आयत. त्यांनी वाकून धुळीला बोट लावलं.

"कालच," ते म्हणाले.

"काय कालच?" सूचनाकारांनी फाटलेली बाही मागे दुमडली.

"सामान कालच हललं. मी दुकानांच्या आगी तपासल्या आहेत. आगीच्या आदल्या दिवशी माल बाहेर गेला की फरशी सगळं सांगते." त्यांनी खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. "तुम्ही चाललात. रात्रीत गेला असतात तर भाडं, विजेचं बिल, सगळं माझ्या गळ्यात. सवलत मागायची ती वेळ काढायला. समजलं."

"अहो, तसं नाही..." सूचनाकारांची ततपप सुरू झाली. वर सोफा अडकलेला, खाली धुळीचा आयत, आणि दारात मेहुणा उभा राहून "साहेब, ते सामान विकलंय, गरिबीमुळे!" असं ठणकावून सांगतोय. त्याच क्षणी समोरच्या काकू स्वतःच्या दारातून ओरडल्या, "अहो, तुमच्या फ्रिजमध्ये बर्फ पडायला कोणतं बटण फिरवायचं?"

दावेसाहेबांनी वही मिटली. "नियमाप्रमाणे दोन महिन्यांची नोटीस देतो," म्हणाले आणि आले तसे पायऱ्या मोजत गेले. जाण्याआधी सहा पायऱ्या वर चढून त्यांनी सोफा जवळून न्याहाळला, पण हात लावला नाही. पुराव्याला ते हात लावत नसत.

सोफा दुपारपर्यंत जिन्यात राहिला. वरच्या मजल्यावरच्या मंडळींनी येता-जाता त्यावर बसून विश्रांती घेतली आणि सूचनाकारांच्या नशिबावर चर्चा केली. शेवटी त्याचे पाय उघडून काढता येतात हे मुलीला दिसलं. "बाबा, हे पुस्तिकेत लिहिलं असेल ना?" तिने विचारलं. सूचनाकारांनी सोफ्याची पुस्तिका कधी उघडलीच नव्हती.

मंगळवारी दलाल आला. बरोबर एक नवं जोडपं. आधी एक दिवस कळवून मग घर दाखवायचं असं करारात होतं, पण दलाल करार वाचणाऱ्यांपैकी नव्हता. जोडप्यातली बाई शिवणयंत्राच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "इथे आपलं कपाट येईल." सूचनाकारांच्या बायकोचे हात यंत्रावर होते. यंत्र थांबलं. मुलगी मात्र अगदी हसऱ्या चेहऱ्याने पुढे झाली. "पाण्याला संध्याकाळी जोर नसतो. समोरच्या काकूंची शिंक भिंतीतून ऐकू येते. आणि जिन्यात सोफा अडकतो." जोडपं गेलं. पण दुसरं येणार होतं, हे सगळ्यांना कळत होतं.

सूचनाकार बिनटीव्हीच्या भिंतीकडे बघत बसले. हे घर जाणार, आणि तेही नोकरी गेली म्हणून नाही, तर एका फ्रिजमुळे, हा विचार त्यांना फार झोंबला. त्यांना रडू आलं आणि ते लपवायला घरात सोफ्याशिवाय काही उरलं नव्हतं.

"चला," बायको म्हणाली. तिने साडीची निरी ठीक केली. "त्यांच्या घरी जाऊ. फ्रिज काकूंकडे आहे, टीव्ही माझ्या भावाकडे आहे, हे सगळं सांगायचं."

"दावेसाहेबांना? स्वतःच्या तोंडाने?"

"मग काय फरशी सांगेल?"

दावेसाहेबांच्या घरात सगळं जागच्या जागी होतं. फायलींची कपाटं, कपाटांवर क्रमांक. सूचनाकारांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. मेहुणा, काकू, सोफ्याचे पाय, काहीही गाळलं नाही. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता हे वही काढणार. पण दावेसाहेबांनी वहीला हात लावला नाही.

"एक कापडवाला होता," ते म्हणाले. "दुकान खरंच जळलं होतं. सगळं गेलं होतं. पण कोणीतरी त्याला शहाणपण शिकवलं, म्हणून त्याने नुकसानीच्या यादीत दुकानात नसलेली चार कपाटं घातली. मी ती पकडली आणि पूर्ण दावा फेटाळला. नियमच तसा होता. त्याचं खरं नुकसान सुद्धा त्या चार कपाटांबरोबर गेलं. मला बढती मिळाली." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही कपाटं परत न्यायला आलात. आजवर कोणी आलं नव्हतं. बसा. नोकरी गेल्याचा कागद दाखवा."

सूचनाकारांनी राजीनाम्याची प्रत पुढे केली. दावेसाहेबांनी वाचली. "वैयक्तिक कारणास्तव. म्हणजे दुकानाला तुम्ही स्वतः काडी लावलीत."

"मला सही करायला लावली हो!"

"तसं लिहिलेलं आणा."

आणि इथून सूचनाकारांची वरात निघाली. आपल्याला हाकलून दिलं असं लेखी द्या, हे मागायला माणसाने जिथून हाकललं तिथेच परत जायचं, याच्याइतकी अपमानाची तीर्थयात्रा दुसरी नाही. फाटकावरच्या रखवालदाराने एकोणीस वर्षं सलाम केला होता. आता तो 'कोणाला भेटायचंय?' म्हणाला आणि वहीत नाव, वेळ, कारण लिहायला लावलं. कारणाच्या रकान्यात सूचनाकारांनी 'पुरावा' लिहिलं.

मनुष्यबळ विभागातल्या बाई तशाच गोड होत्या. "आम्ही कोणालाच काढत नाही. या महिन्यात तेवीस जणांनी वैयक्तिक कारणास्तव राजीनामे दिले."

"एकाच सोमवारी?"

"योगायोग असतात," बाई म्हणाल्या. "तुम्हाला हवं तर आणखी छान शिफारसपत्र देते. पण काढलं असं आम्हाला लिहिता येत नाही. आणि हो, हिशेबाच्या कागदावर सही राहिलीय तुमची." त्यांनी दोन पानांचा अंतिम हिशेब पुढे केला. सूचनाकारांनी खाली आकडा पाहिला, सही केली, आपली प्रत घडी करून खिशात कोंबली आणि खालमानेने बाहेर पडले. रखवालदाराने बाहेर पडल्याची वेळही लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते बायकोबरोबर दावेसाहेबांकडे गेले ते हरलेल्या माणसासारखेच. "नाही देत ते. हा एवढा हिशेबाचा कागद दिलाय, याचा काही उपयोग नाही."

दावेसाहेबांनी कागद घेतला. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग कपाटातून भिंग काढून तळाची बारीक ओळ वाचली. मोठ्याने. "'पद रद्द झाल्याबद्दल भरपाई, दोन महिन्यांचा पगार.'" भिंग खाली ठेवलं. "आपणहून सोडणाऱ्याला भरपाई कोण देतं? मनुष्यबळवाल्यांनी झाकलं आणि हिशेबवाल्यांनी उघडं पाडलं. नेहमी असंच होतं. पुरावा कालपासून तुमच्या खिशात होता. वाचला नाहीत?"

सूचनाकारांनी मान खाली घातली. जगात कोणी काही वाचत नाही असं एकोणीस वर्षं रडलेला माणूस, आणि स्वतःचा कागद घडी करून खिशात. बायकोने त्यांच्याकडे बघितलं नाही. तेवढी दया तिने दाखवली.

"आता माझी बाजू," दावेसाहेब म्हणाले. "तुम्हाला वाटत असेल, घरमालक म्हणजे गब्बर. या घराचं कर्ज अजून फिटलेलं नाही. हप्ता अकरा हजार, इमारतीची देखभाल दोन. तेरा हजार मला भरावेच लागतात. बारा करून मी खिशातून घालणार नाही."

"मग?" बायकोचा आवाज बारीक झाला.

"पण तुम्ही गेलात तर? घर किमान महिनाभर रिकामं, म्हणजे वीस गेले. दलालाला दहा. रंग आणि दुरुस्तीला दहा-बारा. चाळीस हजारांचा खड्डा, आणि नवा माणूस कसा निघेल ते देव जाणे. तुम्ही पाच वर्षांत एकदाही तारीख चुकवली नाहीत, हे माझ्या वहीत आहे. म्हणून चार महिने चौदा घेतो. महिन्याला सहा कमी. त्यातले तीन सोडून दिले. तीन फक्त पुढे ढकलले, म्हणजे एकूण बारा. ते नंतरच्या सहा महिन्यांत दोन-दोन करून भाड्याबरोबर द्यायचे."

"आणि अनामत?" बायकोने विचारलं. "ती यात वळती करून..."

"अजिबात नाही. अनामत जशीच्या तशी. ती संपली की घर सोडताना तुमच्या हातात काही उरत नाही, आणि माझ्याही. आणि हे सगळं तोंडी नको. पुरवणी करार करायचा. मूळ करार तसाच राहील, नोटीस मी मागे घेतो, चार महिन्यांनी भाडं पूर्ववत. पावतीवर 'पुरवणीप्रमाणे पूर्ण मिळाले' असं लिहीन, म्हणजे उद्या मी मेलो तर माझा मुलगा तुमच्याकडे थकबाकी मागायला यायचा नाही. लिहिणार कोण?"

सूचनाकार सावरून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी सावधपणे लिहायला सांगत होतं. त्यांनी एकाच पानात सात कलमं लिहिली. सातवं त्यांनी स्वतःहून, प्रामाणिकपणाच्या उमाळ्यात घातलं: 'भाडेकरूस नोकरी लागल्यास सात दिवसांत कळवावे, रुजू होण्याच्या महिन्यापासून सवलत बंद होईल.' दोन प्रती, दोघांच्या सह्या, साक्षीदार बायको. 'सावधान' कुठेही नव्हतं.

टीव्ही परत यायला तीन आठवडे लागले, कारण मेहुण्याकडे सामने चालू होते. फ्रिज परत आला, पण काकूंच्या लोणच्यांसकट. त्या पुढे कितीतरी दिवस दिवसातून चार वेळा येऊन स्वतःच्या बरण्यांची विचारपूस करत राहिल्या. सूचनाकारांनी अर्ज केले, मुलाखती दिल्या, दोन ठिकाणी तर 'पुस्तिका? म्हणजे नक्की काय?' असंही ऐकून घेतलं. तिसऱ्या महिन्याच्या मध्यावर एका औषधाच्या कारखान्यातून बोलावणं आलं. गोळ्यांच्या डबीत जो घड्या घातलेला कागद असतो, तो लिहायचं काम. पगार थोडा कमी, अक्षरं फारच लहान.

मेहुणा पेढ्यांआधी हजर झाला. "भाऊजी, सवलतीचा अजून एक महिना बाकी आहे. आत्ताच सांगू नका. त्याला कसं कळणार?"

"त्यांना फरशी सांगते," सूचनाकार म्हणाले आणि चपला घालून निघाले.

दावेसाहेबांनी नेमणुकीचं पत्र मागितलं. अर्थातच. भिंग लावून दोन्ही बाजू वाचल्या. मग पुरवणी करार काढला आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं. "एक तारखेला रुजू. म्हणजे पुढच्या महिन्यापासून पूर्ण भाडं. पाच तारखेला वीस हजार."

"हो," सूचनाकार म्हणाले.

"आणि पहिला पगार?"

"महिनाअखेर."

"मग पाच तारखेला वीस कुठून आणणार?"

बायकोने शिवणयंत्र विकायचा विषय सकाळीच काढला होता. सूचनाकारांचा चेहरा दावेसाहेबांनी फरशी वाचावी तसा वाचला.

"कलमात चूक आहे," दावेसाहेब म्हणाले. "कोणी लिहिलं?"

"मीच."

"मग दुरुस्त करा. 'रुजू होण्याच्या' खोडा. 'पहिला पगार मिळाल्यानंतरच्या' लिहा. बाजूला दोघांच्या सह्या. चौथा महिना चौदाच."

सूचनाकारांनी खोडलं, लिहिलं, सही केली. समासात जागा अपुरी होती, म्हणून ते अक्षर त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत वाईट आलं. उठताना त्यांना राहवलं नाही. "एवढं कोण वाचतं हो, साहेब? कलमन् कलम?"

दावेसाहेब उठले, चार क्रमांकाच्या कपाटातून एक पिवळी पडलेली पुस्तिका काढून त्यांनी टेबलावर ठेवली. इस्त्रीची होती. सूचनाकारांनी लिहिलेली पहिलीच. समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा.

"पान सहा," दावेसाहेब म्हणाले. "'गरम इस्त्री अंथरुणावर ठेवू नये.' या एका वाक्यावर मी सात दावे फेटाळलेत. स्पष्ट, नेमकं, पळवाट नाही. तुमच्या राजीनाम्यावर कंपनीचं नाव बघितलं तेव्हाच ओळखलं होतं, पण प्रकरण चालू असताना कौतुक करणं नियमात बसत नाही."

सूचनाकार घरी आले. बायकोने दारातच विचारलं, "काय म्हणाले?"

"चौदाच. यंत्र राहू दे." ते सोफ्यावर बसले. अजून त्याला पाय लावायचे राहिले होते, त्यामुळे ते बरेच खाली गेले. "आणि अगं, माझी इस्त्रीची पुस्तिका सात जळलेल्या घरांत कोणीच वाचली नव्हती. पण एका माणसाने वाचली."

बायकोने यंत्राला दोरा ओवला. "त्या सात घरांचं काय झालं मग?"

सूचनाकार सोफ्यावरून उठले. मग त्यांनी मुलीकडून कागद मागून घेतला आणि गोळ्यांच्या डबीतल्या कागदाचं पहिलं वाक्य लिहायला घेतलं. अक्षर यावेळी त्यांनी मुद्दाम मोठं काढलं.